बॅटरी संपली म्हणजे मुलगा खेळलाच, असं नाही

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर घेऊन दिला. घरी प्लेस्टेशन नाही, आमच्या लॅपटॉपलाच ब्लूटूथने जोडून तो स्टीमवरचे गेम खेळतो. रोज रात्री एक तास, एवढीच परवानगी आहे. झोपताना कंट्रोलर वायरने लॅपटॉपला चार्जिंगला लावतो, नारिंगी लाइट लागलेला मी स्वतः बघते. तरी दुसऱ्या रात्री खेळायला बसला की अर्ध्या-पाऊण तासात बंद. मी दिवसभर ऑफिसात असते. मला वाटतं, शाळेतून आला की हा चोरून खेळतो. तो शपथा घेतो. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने मीटर लावून ‘बॅटरी गेली’ म्हणून सांगितलं. मिस्टर म्हणतात, सरळ नवीन घेऊन टाक. रोज यावरून घरात वाद. नक्की कोणाचं खरं मानू?
— एक आई, चेंबूर

उत्तर : ताई, तुमच्या घरात तीन निकाल लागलेत आणि तिन्ही एकाच पुराव्यावर. तो पुरावा म्हणजे रात्री दिसलेला नारिंगी लाइट. त्यावरून तुम्ही धरून चालला आहात की सकाळपर्यंत कंट्रोलर पूर्ण भरतो. मला शंका आहे ती नेमकी तिथेच. मुलाबद्दल आणि बॅटरीबद्दल नंतर बोलू.

आधी साधा हिशेब. या कंट्रोलरमध्ये १५६० एमएएचची बॅटरी असते. नवीन असताना ती गेमप्रमाणे साधारण सहा ते बारा तास चालते. ज्या गेममध्ये कंट्रोलर सतत थरथरतो आणि मागचे ट्रिगर बोटाला अडवतात, तिथे सहाच्या आसपास. शांत गेममध्ये बाराच्या जवळ. आता तुमचा संशय या हिशेबात बसवून बघा. बॅटरी चांगली असेल आणि सकाळी खरोखर पूर्ण भरलेली असेल, तर ती रात्रीपर्यंत रिकामी करायला मुलाला निदान पाच-सहा तास सलग खेळावं लागेल. दहावीतला मुलगा, शाळा, त्यावर क्लास. एवढे तास त्याने आणायचे कुठून? म्हणजे तुमचा पुरावा खरा असेल, तर तोच पुरावा मुलाला सोडवतो.

मग उरतं काय? इमारतीच्या गच्चीवरची टाकी संध्याकाळी कोरडी निघाली, तर सेक्रेटरी तीन गोष्टी बघतो. पाणी चढलं का, कुठे गळतंय का, आणि टाकीत गाळ साचून जागाच कमी झाली का. बिल्डिंगमधल्यांनी जास्त पाणी वापरलं, हा आरोप त्यानंतर. तुमचा दुकानदार थेट तिसऱ्यावर गेला, तुम्ही थेट आरोपावर. आपण पहिल्यापासून जाऊ.

रात्री खरंच किती भरते?

तो नारिंगी लाइट एवढंच सांगतो की या क्षणी कंट्रोलरला वीज मिळते आहे. आणखी तासाभराने मिळत असेल की नाही, हे त्याला माहीत नसतं. तुम्ही दिवे मालवून झोपायला जाता. लॅपटॉपला कोणी हात लावत नाही, ठरलेल्या मिनिटांनी तो झोपतो. झाकण बंद केलं असेल तर लगेच झोपतो. पुष्कळ लॅपटॉप झोपले की यूएसबी पोर्टचा पुरवठाही बंद करतात. काहींना एखादा पोर्ट असा असतो की तो झोपेतही वीज देतो. त्याच्या शेजारी बहुधा विजेचं किंवा बॅटरीचं बारीक चिन्ह छापलेलं असतं. बाकीच्या पोर्टांना वायर लावून ठेवणं म्हणजे नुसती वायर लावून ठेवणं.

यात एक फसवी गोष्ट आहे. कंट्रोलर पूर्ण भरला की नारिंगी लाइट विझतो, आणि पुरवठा तुटला तरी विझतो. सकाळी उठून बघितलं तर दोन्ही वेळा अंधारच. तुम्ही समजता भरला, आणि तो मात्र पंधरा मिनिटं चार्ज होऊन रात्रभर नुसता पडून असतो.

त्या पंधरा मिनिटांत किती भरत असेल? लॅपटॉपचा जुन्या पद्धतीचा यूएसबी पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो असं धरू. पाव तासात झाले फार तर १२५ एमएएच, म्हणजे बॅटरीचा जेमतेम बारावा भाग. आता खर्च बघू. १५६० ला सरासरी दहा तासांनी भागलं, तर एक तास खेळायला १५६ लागतात. रोज १५६ जातात आणि १२५ येतात. पहिले काही दिवस कोणाला पत्ता लागत नाही, कारण आधीची शिल्लक असते. ती संपली की रोज रात्री तेवढंच चालणार, जेवढं आदल्या रात्री भरलं. १२५ मध्ये पाऊण तास. तुमच्या पत्रात अर्धा-पाऊण तास लिहिलाय. लॅपटॉप किती मिनिटांनी झोपतो ते मी बघितलेलं नाही, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण चोरून खेळणं आणि बॅटरी जाणं या दोन्हींपेक्षा तुमच्या वर्णनाला हे जास्त जुळतं.

तपासायला काही खर्च नाही. आज लॅपटॉप सोडून द्या. मोबाइलचा साधा पाच व्होल्टचा चार्जर घ्या, ज्याला चौकोनी यूएसबी लागते तो. कंट्रोलर आधी पूर्ण बंद पडू द्या, मग संध्याकाळी सगळे जागे असताना भिंतीच्या प्लगला लावा आणि वेळ लिहून ठेवा. नारिंगी लाइट सावकाश उजळत-मंदावत राहील. तो कधी विझतो ते बघायचं. सुदृढ बॅटरीला रिकाम्यापासून भरायला तीन तासांच्या आसपास लागतात. विझल्यावर वायर काढून पुन्हा लावून बघा. लाइट पुन्हा बराच वेळ चालू राहिला, तर तो भरून विझला नव्हता, मध्येच तुटला होता. तसं असेल तर दोष वायरचा किंवा कंट्रोलरच्या भोकाचा.

वायरबद्दल एक सांगते. घरात सापडली ती वायर घेऊ नका. स्वस्तातल्या काही वायरी इतक्या बारीक तारेच्या असतात की जेमतेम वीज जाते, आणि सैल टोकाची वायर रात्री कूस बदलताना उशीचा धक्का लागला तरी सुटते. जी वायर तुमचा फोन नीट चार्ज करते तीच वापरून बघा. कंट्रोलरचं भोक टॉर्च मारून बघा. खिशातला, पिशवीतला कापसासारखा मळ आत दाबला जातो आणि मग टोक पूर्ण आत बसत नाही. बंद कंट्रोलरमधून लाकडी टूथपिकने तो हलकेच उकरून काढता येतो, सुई मात्र घालायची नाही. आपल्याकडे पावसाळ्यात खिडकीशी ठेवलेल्या वस्तूंच्या पिना हिरवट पडतात, तसं काही दिसलं तर ते दुकानाचं काम.

याच चार्जिंगमध्ये दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळून जातं. चांगल्या चार्जरवर, रिकाम्यापासून सुरुवात करून कंट्रोलर चाळीस-पन्नास मिनिटांतच भरला, तर खूश होऊ नका. पटकन भरली म्हणजे आत जागाच कमी उरली आहे.

आता गळती

हा कंट्रोलर प्लेस्टेशनला जोडलेला असला, की ठरलेल्या वेळाने त्याला बंद करायचं काम प्लेस्टेशन करतं. लॅपटॉपवर विंडोज ते काम करत नाही. मुलगा गेममधून बाहेर पडला, कंट्रोलर सोफ्यावर टाकला आणि जेवायला गेला, तर लॅपटॉप जागा असेपर्यंत ब्लूटूथची जोडणी चालू आणि कंट्रोलरही चालू. तुमचा लॅपटॉप रात्री झोपतो, तेव्हा ही गळती तिथे थांबत असेल. पण ज्यांच्याकडे डेस्कटॉप आहे आणि रात्रभर गेम डाउनलोड होत असतो, त्यांच्याकडे सकाळपर्यंत निम्मी बॅटरी कोणी न खेळता जाते.

बंद करायची पद्धत मुलाला माहीत असेल, पण विचारून घ्या. मधलं पीएस बटण साधारण दहा सेकंद दाबून धरायचं, टचपॅडच्या कडेचा लाइट गेला की सोडायचं. स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमध्ये, काही वेळ हात लागला नाही तर कंट्रोलर आपोआप बंद व्हावा, अशी वेळही लावता येते. ती वीस मिनिटांवर ठेवली तरी पुरे. मात्र अंगठ्याखालची काठी स्वतःहून सरकत असेल, म्हणजे हात न लावता गेममधलं पात्र चालायला लागत असेल, तर सॉफ्टवेअरला वाटतं कोणीतरी खेळतंय, आणि ही वेळ कधी पुरीच होत नाही.

बंद कंट्रोलर ड्रॉवरमध्ये कोंबू नका. त्यावर पुस्तक किंवा हेडफोन पडून पीएस बटण दाबलं गेलं आणि शेजारी लॅपटॉप चालू असला, तर तो आपणहून जोडला जातो. घरात कोणी हात लावलेला नसताना कंट्रोलर ‘वापरला गेलेला’ दिसायचं हे एक खरंखुरं कारण आहे.

बॅटरी गेली, हे कशावरून?

दुकानदाराने मीटर लावलं म्हणता. काय मोजलं, ते विचारलंत का? लिथियमच्या एका सेलचा व्होल्टेज पूर्ण भरल्यावर ४.२ च्या आसपास असतो आणि चार्ज उतरत जाईल तसा खाली येतो. अर्धवट चार्ज असलेली उत्तम बॅटरी नेलीत तर मीटरवर कमीच आकडा येणार. उलट, पार थकलेली बॅटरी नुकती भरून नेलीत तर तीही ४.२ दाखवेल. नुसत्या मीटरने आत्ता किती भरलंय याचा अंदाज येतो, बॅटरीत किती मावतं ते कळत नाही. त्याने बॅटरीवर भार टाकून ती किती वेळ टिकते हे बघितलं असेल, तर गोष्ट वेगळी. काउंटरवर उभ्या गिऱ्हाइकासाठी दोन-चार तास कोणी ते करत बसत नाही, त्यामुळे मला तसं वाटत नाही.

किती मावतं हे घरीच कळेल, आणि त्यासाठी मुलाला दिवसभर खेळायची परवानगी द्यावी लागणार नाही. वर सांगितल्याप्रमाणे चार्जरवर एकदा पूर्ण भरा. त्यानंतर चार्जिंगला लावायचंच नाही. रोज रात्री त्याचा एक तास तो खेळेल, संपल्यावर पीएस बटण धरून पूर्ण बंद करेल, आणि फ्रिजवर लावलेल्या कागदावर त्या दिवसाची मिनिटं लिहील. कंट्रोलर दुसऱ्या रात्रीपर्यंत उघड्यावर कपाटात, त्यावर काही न ठेवता. पूर्ण बंद असताना चांगली बॅटरी दिवसभरात जवळजवळ काहीच गमावत नाही, म्हणून तुकड्यातुकड्यांनी मोजलं तरी बेरीज खरी येते.

कागदावर एकूण सहा-सात तास भरले, तर बॅटरी ठणठणीत आहे. मिस्टरांना सांगा, पैसे ठेवा. दोन वर्षं वापरलेल्या बॅटरीचे चार-पाच तास भरले, तरी ते वयाला धरून आहे. रोज तासभर खेळणाऱ्याला आठवड्यातून दोनदा चार्ज केलं की झालं. दुसऱ्याच रात्री दीड-दोन तासांत गळाठली, तर दुकानदार बरोबर होता, भले त्याची रीत चुकली असेल.

बंद पडताना कशी पडते याकडेही लक्ष द्या. थकलेल्या बॅटरीचं एक ठरलेलं लक्षण आहे. गेममध्ये स्फोट होतो, कंट्रोलर जोरात थरथरतो आणि त्याच क्षणी बंद पडतो. दहा मिनिटं बाजूला ठेवून पुन्हा चालू केला, तर चालू होतो आणि बॅटरीच्या चिन्हात बरीच बॅटरी शिल्लक दाखवतो. सेल जुना होतो तशी त्याची आतली रोधशक्ती वाढते. थरथरणाऱ्या मोटरींनी एकदम जास्त वीज ओढली की व्होल्टेज कोसळतो, कंट्रोलरला वाटतं संपली. ओढ थांबली की व्होल्टेज पुन्हा वर येतो. तुमच्याकडे असं होत असेल, तर तात्पुरता उपाय म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये कंपन कमी करा, लगेच फरक दिसेल. बॅटरी चांगली असून नुसती रिकामी असेल, तर ती दहा मिनिटांच्या विश्रांतीने अशी जिवंत होत नाही. झाली तरी मिनिटा-दोन मिनिटांत पुन्हा जाते.

कंट्रोलर कपाटात, पूर्ण बंद, तरी दुसऱ्या दिवशी उतरलेला, असं झालं तर एकदा रविवारी पूर्ण भरून लगेच दोन तास सलग चालवून बघा. सलग चालवल्यावर टिकतो आणि नुसता ठेवल्यावर उतरतो, तर आतल्या सर्किटमध्ये वीज झिरपते आहे. हे क्वचित होतं, बहुधा आत पाणी किंवा सरबत गेलेल्या कंट्रोलरमध्ये. मग नवीन बॅटरी टाकूनही उपयोग नाही, ती पण तशीच उतरेल.

बदलायचीच असेल तर

वॉरंटी आता उरली नसेल, तेव्हा उघडायला हरकत नाही. या कंट्रोलरची बॅटरी डागलेली नसते, छोट्या प्लगने बसते. एल १ आणि आर १ बटणांच्या टोप्या आणि पुढची काळी पट्टी काढली की चार स्क्रू दिसतात. ते काढल्यावर मागचं कवच निघतं. पट्टीच्या आणि कवचाच्या खाचा मात्र नाजूक असतात. पहिल्यांदा उघडणाऱ्याच्या हातून त्या तुटतात, म्हणून मी तरी दुकानात समोर बसून करून घ्यायला सांगेन. बॅटरीवर LIP1708 असा क्रमांक असतो, तो आणि १५६० हा आकडा बघून घ्या. त्याच मापाच्या डबीवर कोणी दुप्पट आकडा छापून विकत असेल, तर तो आकडा छापखान्यातला समजा. तेवढ्या जागेत तेवढं मावत नाही.

उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, उशीसारखी, तर चाचणी वगैरे काही नको. ती चार्ज करायची नाही, टोचायची नाही, दाबून परत बसवायची तर अजिबात नाही. कवचाच्या सांध्यात नवी फट दिसणं ही बाहेरून कळणारी खूण. अशी बॅटरी घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर पेट घेते. दुकानदाराला ठेवून घ्यायला सांगा किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

नवीन कंट्रोलर घ्यायचा का? काठी सरकते, बटणं अडकतात आणि बॅटरीही गेली, अशा तिन्ही तक्रारी असतील तर मिस्टरांचं बरोबर. नुसत्या बॅटरीसाठी कित्येक हजार रुपये घालवणं मला पटत नाही. आणखी एक फुकटचा पर्याय आहे, तो कोणी सुचवलेला दिसत नाही. लॅपटॉपला लांब वायर लावून खेळायचं. वायरवर कंट्रोलर पोर्टच्या विजेवर चालतो, बॅटरी किती थकली आहे याने फारसं बिघडत नाही. फक्त फुगलेल्या बॅटरीला हा मार्ग नाही, कारण वायर लावली की ती चार्ज होऊ लागते.

माउसवाल्यांसाठी

हीच तक्रार वायरलेस माउसबद्दलही पुष्कळ जण लिहितात. तिथे हिशेब वेगळा आहे. कंट्रोलर एका दिवसात संपणं प्रसंगी स्वाभाविक असतं, माउसचं तसं नाही. आतल्या बॅटरीचा ऑफिसचा साधा माउस एका चार्जिंगवर आठवडे काढतो. रंगीत दिव्यांचे गेमिंग माउसही बरेच तास चालतात. लॉजिटेकच्या जी ५०२ लाइटस्पीडला कंपनी दिवे चालू असताना ४८ तास आणि बंद असताना ६० तास सांगते. तेव्हा एका दिवसात संपणारा माउस दिसला, की तो झोपत नसणार, असा पहिला संशय घ्यायचा.

माउस हलणं थांबलं की काही वेळाने झोपतो. त्याला जागं ठेवणाऱ्या गोष्टी अगदी घरगुती असतात. विरार लोकलमध्ये पिशवीत तासभर हलत राहिला आणि खालचं बटण चालूच, तर तो सगळा वेळ जागा. घरी टेबलफॅन त्याच टेबलावर असेल तर त्याच्या थरथरीनेही जाग येते. उलटा करून भिंग बघा. तिथे एखादा केस अडकला असेल तर पडद्यावरचा बाण हात न लावता हलकेच थरथरतो, आणि माउसला वाटतं आपण हलतोय. काचेच्या किंवा चकचकीत टेबलावर तर हे हमखास होतं. खाली साधा कागद ठेवून एक दिवस वापरा, फरक पडला तर कारण सापडलं. मग दिवे बंद करा, आणि माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये पोलिंग रेट १००० असेल तर ऑफिसच्या कामासाठी १२५ वर आणा. माउस संगणकाला सेकंदाला जितक्या वेळा खबर देतो तो हा आकडा. एक्सेलमध्ये कोणाला फरक कळणार नाही. एवढं करूनही उतरत असेल, तर खालचं बटण बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी भरलेला निघाला तर बॅटरी चांगली आहे, निम्मा निघाला तर बॅटरी बदलायची.

आणि मुलाचं

ताई, तो चोरून खेळतो की नाही हे तुम्हाला जाणून घ्यायचंच असेल, तर बॅटरीला साक्षीदार करू नका. स्टीमवर प्रत्येक गेमपुढे एकूण किती तास खेळला ते दिसतं, आणि प्रोफाइलवर मागच्या दोन आठवड्यांतले तासही. रोज एक तास म्हणजे दोन आठवड्यांत चौदा. आकडा सोळा-सतरा असेल तर गेम थांबवून उघडा ठेवल्याचेही तास त्यात मोजले जातात, तेवढी सूट द्या. चाळीस असेल तर तुमचा संशय बरोबर होता. पण त्याच्या मागे जाऊन बघू नका. त्याला शेजारी बसवून, ‘मी बॅटरीवरून तुझ्यावर आरोप केला, आता हा आकडा आपण दोघं मिळून बघू’ असं म्हणा. त्या आकड्यावर भांडायला निदान अर्थ आहे.

क्रमही तसाच ठेवा. आज संध्याकाळी मोबाइलच्या चार्जरवर चार्जिंग. पुढचे काही दिवस फ्रिजवरचा कागद. तोवर दुकान नाही आणि आरोपही नाही. माझा अंदाज आहे की पहिल्याच चार्जिंगनंतर कंट्रोलर आठवडाभर चालेल, आणि तुमच्या घरातला खरा गुन्हेगार रात्री झोपणारा तो लॅपटॉप निघेल.

एक शेवटची सूचना, दहावीच्या घरासाठी म्हणून. बोर्डाची परीक्षा जवळ आली की तुम्ही कंट्रोलर उचलून कपाटात टाकणार, हे मी गृहीत धरते. टाकायच्या आधी तो अर्धा चार्ज करून, पीएस बटण धरून पूर्ण बंद करा. पार रिकामी ठेवलेली लिथियम बॅटरी दोन-तीन महिन्यांत इतकी खाली जाऊ शकते की नंतर चार्जच घेत नाही. पूर्ण भरून मार्चच्या उकाड्यात, टीव्हीच्या मागे किंवा राउटरच्या डोक्यावर ठेवलेलीही लवकर म्हातारी होते. गाद्यांच्या कपाटातला खालचा, थंड कप्पा चालेल. परीक्षेच्या मध्यावर कधीतरी एकदा वीस मिनिटं चार्जरला लावून परत ठेवा, म्हणजे शेवटचा पेपर देऊन आल्यावर तो चालू होईल.